नवऱ्याची तंबाखू आणि वीस प्रश्नांची एक प्रश्नावली

या ब्लॉगवर आपण सहसा एखादा शोधनिबंध घेऊन तो उलगडतो. आज निबंधापेक्षा त्यातल्या एका मोजपट्टीबद्दल लिहिणार आहे, आणि थोडं भांडणार आहे. मोजपट्टीचं नाव ‘पार्टनर इंटरॅक्शन क्वेश्चनेअर’, लघुरूप पीआयक्यू-२०. जोडीदार तंबाखू सोडत असताना घरातल्या दुसऱ्या माणसाने काय केलं तर मदत होते आणि काय केलं तर ती नुसती भुणभुण होते, हे मोजण्यासाठी गेली तीसेक वर्षं संशोधक हीच प्रश्नावली हाताशी धरत आले आहेत. ‘जोडीदाराने प्रोत्साहन द्यावं, टोमणे मारू नयेत’ असा सल्ला तुम्ही कुठल्या पत्रकात वाचला असेल, तर त्याच्या मुळाशी बहुधा हिचाच वंश सापडेल.

माझं पीएचडीचं काम मेंदूतल्या निकोटिन-ग्राहकांवर आहे, नवरा-बायकोंवर नाही. पण ज्या ग्राहकांकडे मी सूक्ष्मदर्शकातून बघते, त्यांच्यामुळे घरात काय आदळआपट होते हे या प्रश्नावलीत कुठे दिसतं का, म्हणून मी ती वाचायला घेतली होती. जवळपास दिसत नाही. माझ्या तक्रारीची सुरुवात तिथूनच झाली.

आधी ती नेमकी काय आहे ते सांगते. शेल्डन कोहेन आणि एडवर्ड लिक्टेनस्टाईन यांनी १९९० साली ही वीस प्रश्नांची आवृत्ती प्रसिद्ध केली. त्याआधी ७६ प्रश्नांची लांबलचक आवृत्ती होती, ती त्यांनी कापून आटोपशीर केली. सिगारेट सोडणाऱ्याने स्वतःच्या जोडीदाराबद्दल उत्तरं द्यायची: अमुक गोष्ट तुमच्या जोडीदाराने किती वेळा केली? ‘कधीच नाही’ म्हणजे शून्य, ‘अगदी वारंवार’ म्हणजे चार. दहा वागणुका ‘सकारात्मक’ धरलेल्या आहेत: सोडल्याबद्दल कौतुक करणं, सिगारेटऐवजी दुसरं काही सुचवणं, ताण आला असताना शांत व्हायला मदत करणं, ‘तुला जमेल’ असा विश्वास दाखवणं वगैरे. दहा ‘नकारात्मक’: घाणेरडी सवय म्हणणं, घरात वास येतो म्हणणं, मनोबल नाही म्हणून हिणवणं, घरात सिगारेट ओढू न देणं, विझवलेली थोटकं उचलायला नकार देणं वगैरे. दोन्ही बाजूंना शून्य ते चाळीस गुण. निष्कर्ष असा होता की नुसतं किती कौतुक झालं किंवा नुसतं किती टोचून बोललं गेलं, यापेक्षा या दोघांचं गुणोत्तर सोडण्यातल्या यशाशी जास्त जोडलेलं दिसतं.

ऐकायला पटतंच. आपल्याकडेही कुणी आजीबाईंनी हेच सांगितलं असतं. पण ‘जोडलेलं दिसतं’ आणि ‘त्यामुळे होतं’ यांच्यामध्ये काय काय लपू शकतं, ते बघू.

नकारात्मक यादी पुन्हा वाचा. ‘घरात वास येतो’ असं बायको कधी म्हणेल? वास येत असेल तेव्हा. थोटकं उचलायला नकार कधी देईल? थोटकं पडली असतील तेव्हा. म्हणजे या यादीतल्या निदान चार-पाच गोष्टी घडायच्या असतील, तर नवरा सिगारेट ओढत असलाच पाहिजे. मग त्या गोष्टी ज्या घरात कमी, तिथे यश जास्त दिसलं, यात नवल काय!

आकडे घालून बघू. हे आकडे माझे आहेत, फक्त समजण्यासाठी. दोन घरं घ्या. दोन्हीकडच्या बायका स्वभावाने अगदी सारख्या. सोडण्याआधी दोघींचा नकारात्मक गुण २४, त्यातले १४ वास, धूर, थोटकं अशा प्रश्नांतून आलेले. दोघींचा सकारात्मक गुण २०. महिन्याभराने पहिल्या घरातल्या नवऱ्याने सोडलेली आहे. वास नाही, थोटकं नाहीत, ते १४ गुण आपोआप गळाले. नकारात्मक उरले १०, सकारात्मक २०, गुणोत्तर दोन. दुसऱ्या घरातला नवरा नवव्या दिवशी पुन्हा सुरू झाला. त्याचे २४ तसेच राहिले. शिवाय सोडल्याचं कौतुक, सोडल्याचा आनंद हे प्रश्न त्याला लागूच होत नाहीत, म्हणून सकारात्मक गुण घसरून १२ झाले. गुणोत्तर अर्धं. एका घरात दोन, दुसऱ्या घरात अर्धं, म्हणजे चौपट फरक. आणि बायकांच्या स्वभावात फरक शून्य! उत्तरं सोडण्याच्या काळात किंवा नंतर भरून घेतली, तर ही प्रश्नावली जोडीदाराचं वागणं मोजता मोजता सोडणाऱ्याचं यशच मोजून बसू शकते. उत्तरं बरीच आधी घेतली आणि निकाल नंतर बघितला, तर हा आक्षेप सौम्य होतो, हे मान्य. पूर्ण जात मात्र नाही, कारण ज्याची सवय आधीपासूनच पक्की आहे त्याच्या घरी बोलणीही आधीपासूनच जास्त असणार.

‘घरात ओढू न देणं’ हे नकारात्मक रकान्यात टाकलंय, ते तर मला अजिबात पटत नाही. ज्या घरात धूम्रपान चालत नाही, तिथल्या लोकांना सिगारेट सोडणं जास्त जमतं, असं बऱ्याच पाहण्यांत दिसलं आहे. पण इथे ती बाई तुमच्या खात्यावर उणे गुण टाकून बसते. घरचा नियम आणि घरची कुरकुर यांत फरक आहे. नियम एकदा सांगितला की संपतो, तो सगळ्यांना लागू असतो, पाहुण्यांनासुद्धा. कुरकुर रोज नव्याने करावी लागते आणि ती एकाच माणसाच्या वाट्याला येते. प्रश्नावलीला हा फरक दिसत नाही, कारण ती फक्त ‘किती वेळा’ विचारते.

बरं, मोजपट्टी वाकडी असली तरी सल्ला सरळ असू शकतो. जोडीदारांना ‘कौतुक वाढवा, टोचणं कमी करा’ असं शिकवलं तर जास्त लोक सोडतात का? हे तपासणारे प्रयोग झाले आहेत आणि कॉक्रेन या संस्थेने त्यांचा एकत्रित आढावा २००४ पासून वेळोवेळी घेतला आहे. २०१८ च्या आवृत्तीत चौदा प्रयोग होते. सहा ते नऊ महिन्यांनंतर, जोडीदाराला शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या गटांत सोडणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं, गुणोत्तर ०.९९, म्हणजे व्यवहारात एक. वर्षभरानंतरही तेच चित्र. लिक्टेनस्टाईन यांच्या प्रामाणिकपणाचं इथे कौतुक केलं पाहिजे, कारण १९८६ सालीच दोन सहकाऱ्यांसोबतच्या एका लेखात त्यांनी लिहून ठेवलं होतं की सहसंबंध छान दिसतात, पण आधार वाढवण्याचे प्रयोग फसतात.

म्हणजे बायकोच्या वागण्याने काही फरकच पडत नाही? असा अर्थ काढायची घाई नको. त्याच आढाव्यात एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अकरा प्रयोगांनी नंतर ‘आधार वाढला का’ हेही मोजलं होतं. फक्त दोन प्रयोगांत तो वाढलेला आढळला. म्हणजे बहुतेक प्रयोगांत जे औषध तपासायचं होतं ते पोटात गेलंच नाही. एखादी पुस्तिका, दोन-चार फोन, एखादी चित्रफीत, एवढ्याने पंधरा वर्षांच्या संसारातली बोलण्याची पद्धत बदलत नाही. आणि त्या दोनांपैकी एका प्रयोगात तर गंमतच झाली: जोडीदार म्हणाले आम्ही जास्त आधार दिला, पण सोडणाऱ्यांच्या उत्तरांत तसं काही दिसलं नाही.

इथे मानसशास्त्रातलं एक वेगळंच काम आठवतं. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० साली न्यूयॉर्कची वकिलीची परीक्षा देणाऱ्या लोकांकडून आणि त्यांच्या जोडीदारांकडून रोजच्या नोंदी घेतल्या. ज्या दिवशी ‘मला आज आधार मिळाला’ असं परीक्षार्थी म्हणाला, त्यानंतर त्याची खिन्नता वाढलेली दिसली. जोडीदार म्हणतो ‘मी आज आधार दिला’ आणि परीक्षार्थ्याला ते जाणवलंच नाही, अशा दिवसांनंतर तो जास्त सुखात होता. त्यांनी याला अदृश्य आधार म्हटलं. तंबाखूचा त्यात संबंध नाही, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नये. पण पीआयक्यू-२० मध्ये जे दहा सकारात्मक प्रश्न आहेत, ते बघा: कौतुक, शाबासकी, विश्वास व्यक्त करणं. सगळे दिसणारे, ऐकू येणारे आधार. बायकोने चहाची वेळ गुपचूप बदलली, याला त्या प्रश्नावलीत जागाच नाही, कारण उत्तर देणाऱ्याला ते कळलेलंच नसतं.

आता माझ्या प्रांतात येते: चिडचिड. वीस प्रश्नांत तिला एका प्रश्नापुरती जागा आहे, तीही ‘ताण किंवा चिडचिड असताना शांत करायला मदत’ अशी. चिडणाऱ्याच्या बाजूने. जिच्यावर चिडलं जातं तिने काय करायचं, हा प्रश्नच नाही.

आपण महाराष्ट्रात आहोत, तेव्हा सिगारेट बाजूला ठेवू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर न जाळता तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडचा खरा प्रश्न तळहातावरचा आहे: तंबाखू, चुना, अंगठा. त्यातला चुना काय करतो? निकोटिन हा आम्लारी पदार्थ आहे. चुन्याने तोंडातलं मिश्रण अल्कधर्मी झालं की निकोटिनचे रेणू विद्युतभार टाकून देतात आणि गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून सहज रक्तात शिरतात. मेंदूतल्या ग्राहकांना दिवसभर असा पुरवठा होत राहिला की त्यांची संख्या वाढते. पुरवठा एकदम थांबला की हे वाढीव ग्राहक रिकामे बसतात, आणि ते पुन्हा नेहमीच्या संख्येवर यायला काही आठवडे लागतात. त्या आठवड्यांतला माणूस म्हणजे आपल्या घरातला तो तिरसट गृहस्थ.

मी एक घर कल्पनेने उभं करते. नवरा एसटीत कंडक्टर, वय अडतीस, दिवसाला दहा-बारा बार. पहिला बार पहाटे चहाबरोबर, कारण त्याशिवाय पोट साफ होत नाही. बायको अंगणवाडीत. घरी सासूबाई, दोन मुलं. त्याने सोमवार ठरवलाय.

सोमवारी पहाटे चारला उठून त्याने बार लावला नाही. शेवटचा रविवारी रात्री नऊला. निकोटिन रक्तातून साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. सोमवारी सकाळी नऊपर्यंत बारा तास, म्हणजे सहा वेळा निम्मं, म्हणजे चौसष्टावा भाग. तेव्हा सकाळच्या फेरीतच तो सुट्ट्या पैशांवरून प्रवाशाशी भांडला, तर त्यात आश्चर्य नाही. चिडचिड पहिल्या चोवीस तासांतच सुरू होते, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाला कळस गाठते, पहिला आठवडा जोरात असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. प्रत्येक तलफेची लाट मात्र काही मिनिटांचीच. पुन्हा सुरू होणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या आठ-दहा दिवसांतच होतात, त्यामुळे घराचा खरा कस तेवढ्याच दिवसांत लागतो.

बुधवारी रात्री तो ताट सरकवून म्हणतो, “भाजीत मीठ आहे की नाही?” इथे बायकोच्या तोंडावर सगळ्यात आधी येणारं वाक्य असं: “अहो, तंबाखू सोडलीय म्हणून असं होतंय तुम्हाला.” वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे! तरी ते बहुधा आगीत तेल ओततं. कारण त्या एका वाक्याने त्याची प्रत्येक तक्रार, मिठाचीसुद्धा, रोगाचं लक्षण होऊन जाते. त्याचं म्हणणं खरं असण्याची शक्यताच संपते. त्यापेक्षा मीठ पुढे सरकवावं आणि दहा मिनिटं मुलांच्या दप्तराकडे बघावं. लाट काही मिनिटांचीच आहे हे तिला माहीत असणं इथे उपयोगी पडतं. त्याला ते त्या क्षणी ऐकवण्याची गरज नाही. कारण समजावून सांगायचंच असेल, तर ते रविवारी, चिडचिड सुरू होण्याआधी.

रविवारी आणखी एक गोष्ट ठरवता येते, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणात हीच सगळ्यात कामाची: कोणी, कधी आणि काय विचारायचं. “खाल्ली नाही ना आज?” या प्रश्नाची दोनच उत्तरं आहेत. एक ‘नाही’. दुसरं खोटं ‘नाही’. खिसे तपासणं, दारातच तोंडाचा वास घेणं, मुलाला “बाबांनी कुठे थांबून काही घेतलं का” विचारणं, हे सगळे त्याच प्रश्नाचे भाऊबंद. सासूबाईंसमोर विचारला तर तोच प्रश्न पंचायत होतो. वार्डा शोहॅम आणि मायकेल रोरबाव या अमेरिकी संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्या जोडप्यांबरोबर काम करताना नेमकं हेच चक्र पकडलं होतं. एकजण मागे लागतो, दुसरा आत मिटतो. तो मिटला म्हणून पहिला आणखी मागे लागतो. सोडवण्यासाठी केलेली खटपटच सवयीला टेकू देते.

म्हणून रविवारी तिने त्यालाच विचारावं: “मी रोज विचारू का? विचारू तर काय विचारू?” तो म्हणेल, “विचारूच नको.” तर तेही चालेल. पण तो म्हणाला, “रात्री जेवण झाल्यावर एकदा विचार,” तर मग प्रश्न असा असू दे: “आज तलफ सगळ्यात जास्त कुठे आली?” याला पुष्कळ उत्तरं आहेत. डेपोत, ड्रायव्हरने मळून हात पुढे केला तेव्हा. शेवटच्या फेरीत, रिकाम्या गाडीत. या उत्तरांतून उद्याचं काही ठरवता येतं. आणि दिवसातून एकदाच विचारल्यामुळे उरलेले तेवीस तास त्याला पहारा जाणवत नाही. एकच वाक्य दिवसातून पाच वेळा उच्चारलं आणि ठरवून एकदा उच्चारलं, तर प्रश्नावलीत फक्त आकडा बदलेल. घरात त्याचा अर्थच बदलतो.

अदृश्य आधाराची एक सोय या घरात आहे. समजा त्याने दोन मिलिग्रॅमचं निकोटिनचं च्युइंगम घेतलं. हे साध्या च्युइंगमसारखं सलग चघळायचं नसतं. थोडं चावून झिणझिण्या आल्या की गालाच्या कडेला दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा थोडं चावायचं. सलग चघळलं तर निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, मळमळ होते आणि रक्तात फारसं पोहोचतच नाही. चुन्याचं तत्त्व इथेही आहे: च्युइंगममध्ये तोंड अल्कधर्मी करणारे क्षार असतात. चहा-कॉफीच्या आम्लाने ते बिघडतं, म्हणून चहानंतर पंधरा मिनिटं थांबायचं. कंडक्टरच्या घरात पहाटे चहा आणि बार ही जोडी. त्याच जागी चहा आणि च्युइंगम आलं की च्युइंगम वाया. बायकोने काही न बोलता चहा वीस मिनिटं आधी दिला तर काम झालं. हेही सांगते की चघळायच्या तंबाखूच्या बाबतीत च्युइंगमचा फायदा सिगारेटइतका स्पष्ट सिद्ध झालेला नाही. तलफ आणि चिडचिड खाली यायला ते मदत करतं, इतपत. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

पहाटेच्या पोटाचं गाऱ्हाणंही खरं असतं. तंबाखू थांबल्यावर बद्धकोष्ठ होणं हे माघारीच्या लक्षणांतलं एक आहे, आणि अवघडलेल्या पोटाचा माणूस तसाही कुणाशी गोड बोलत नाही. तेव्हा रात्रीच्या जेवणात पालेभाजी, काकडी, आणि उठल्यावर कोमट पाणी. (विडी-सिगारेट सोडणाऱ्यांसाठी एक वेगळी टीप: धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफिन जास्त वेगाने संपवत असतं. धूर थांबला की तेवढ्याच चहात कॅफिन जास्त साठतं, आणि ती बेचैनी तलफेसारखीच वाटते. त्या घरात चहा थोडा कमी केलेला बरा. चघळणाऱ्यांना हे लागू नाही, कारण हा प्रताप निकोटिनचा नाही, धुराचा आहे.)

नवव्या दिवशी डेपोत त्याने एक बार लावला. घरी आला, वास आला. पीआयक्यू-२० मध्ये या संध्याकाळसाठी प्रश्नच नाही. मनोबल काढणं आणि सोडण्याबद्दल शंका घेणं हे दोन नकारात्मक प्रश्न आहेत, पण मग करायचं काय? ‘एकाने काय होतं’ म्हणून सोडून देणं चूक, कारण पहिल्या बारनंतर पुढचे येण्याची शक्यता खरोखर खूप वाढते. आणि ‘मला माहीत होतंच’ म्हणणं म्हणजे त्याला पुढचा बार हातात दिल्यासारखं. मधली वाट रोजच्याच प्रश्नाची: कुठे, कुणाबरोबर, त्याच्या आधी काय झालं होतं? पुडी विकत घेतली की कुणी मळून दिली? मळून दिली असेल तर उद्या त्या एका ड्रायव्हरला काय सांगायचं, एवढाच विषय. पुडी खिशात असेल तर ती त्याने स्वतः टाकायची; तिने शोधून टाकली तर तो पुढच्या वेळी जागा बदलेल, एवढंच. आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची की नाही, हे त्याने ठरवावं. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाईनवर फोनही त्यानेच करायचा. तिने नंबर फ्रिजवर चिकटवला तर पुरे.

चिडचिडीची एक मर्यादा सांगायलाच हवी, कारण ‘समजून घ्या’ हा सल्ला बायकांना आपल्याकडे जरा जास्तच मिळतो. निकोटिनची माघार माणसाला तिरसट करते. हात उगारणं त्या यादीत नाही. ज्या घरात आधीपासून मारहाण होती, तिथे तंबाखू हे नुसतं निमित्त आहे आणि तिथे हा लेख लागू नाही. साधी चिडचिड चार आठवड्यांनंतरही तशीच राहिली, किंवा झोप, भूक, कामातला रस सगळंच गेलं, तर ते ग्राहकांचं काम नव्हे, डॉक्टरांना दाखवायचं. ‘तंबाखू परत सुरू केली की बरं वाटेल’ असं तेव्हा घरचेच सुचवतात. प्रत्यक्षात सोडून काही आठवडे-महिने झालेल्या लोकांत चिंता आणि खिन्नता, चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेली दिसते. तंबाखूने जी शांतता मिळते ती बरीचशी मागच्या बारच्या माघारीची उतराई असते.

या प्रश्नावलीची मराठी आवृत्ती उद्या कुणी करायला घेतलीच, तर दोन अडचणी समोर येतील. ‘जोडीदार’ म्हणजे एक माणूस, हे तिचं गृहीतक. आपल्या कंडक्टरच्या घरी टोमणे मारणाऱ्या सासूबाई आहेत, आणि त्या स्वतः सकाळी मिश्री लावतात. मुलाला सोडायला सांगणाऱ्या आईच्या हातात मिश्रीची डबी, हे दृश्य वीस प्रश्नांत कुठे बसवणार? आणि सोडणारी बाई असेल तेव्हा? मिश्री लावणारी बायको सोडायला बघते आणि नवरा स्वतः बार भरत “तुला काय जमतंय” म्हणतो, तिथे त्याचा ‘नकारात्मक गुण’ एकच येईल, पण त्याच्या तळहातावर चाललेलं मळणं कुठेच मोजलं जाणार नाही. तिच्या चिडचिडीला तर ‘माघार’ हे नावही मिळत नाही. ती घरात ‘हल्ली फार बोलते’ एवढंच होतं.

मला स्वतःला या प्रश्नावलीत एकच बदल करायला मिळाला, तर ‘जोडीदाराने किती वेळा’ या रकान्याशेजारी मी आणखी एक रकाना आखेन: ‘हे असं करायचं, हे तुम्ही दोघांनी आधी ठरवलं होतं का?’ उत्तर हो किंवा नाही. मग तेच वीस प्रश्न पुन्हा विचारून बघायचे, नवऱ्याला वेगळे आणि बायकोला वेगळे, आणि सोडण्याच्या आदल्या रविवारीच.